सासूबाईंचं पाकीट, माटुंग्याचं दुकान आणि दारात येणारा खोका

पत्र : मी आणि सासूबाई रोज सकाळी एकेक कप फिल्टर कॉफी घेतो, दुधाची. नवरा आठवडाभर ऑफिसातली पितो, पण शनिवार-रविवारी त्याला घरी दिवसाला दोन कप काळी लागते, फ्रेंच प्रेसमधली. आठ महिन्यांपूर्वी ऑनलाइन सबस्क्रिप्शन घेतलं. महिन्यातून दोनदा २५० ग्रॅमची दोन पाकिटं येतात, फिल्टरसाठी दळलेली, दोन्हींचे मिळून १,१०० रुपये. आता कपाटात पाच पाकिटं साठलीत, आणि नवरा म्हणतो कपाच्या तळाला गाळ येतो. सासूबाई म्हणतात, सुपरमार्केटचं अर्धा किलोचं पाकीट ३४० रुपयांत येतं आणि चव त्यालाच आहे. मैत्रीण म्हणते माटुंग्याहून आण. तिथे विचारलं तर शुद्ध कॉफी १,००० रुपये किलो आणि चिकोरी २५० रुपये किलो असा भाव सांगितला. मी मुलुंडहून परळला लोकलने जाते. काय परवडेल आणि ताजं काय मिळेल?
— पाकिटांनी वेढलेली, मुलुंड

उत्तर : तुमच्या घरात एक नाही, दोन कॉफ्या चालतात. एक रोजची दुधाची, एक शनिवार-रविवारची काळी. दोन्ही एकाच खोक्यातून भागवायला गेलात तिथे गाडी रुळावरून घसरली. त्यामुळे मीही दोन्ही कॉफ्यांचा हिशेब वेगळा मांडणार आहे.

आधी लागते किती ते बघू. दुधाच्या एका कपाला साधारण १० ग्रॅम पूड धरा, म्हणजे दोघींना रोज २० ग्रॅम, महिन्याला ६०० ग्रॅम. काळ्या कॉफीच्या मगाला १५ ग्रॅम लागते. चार-साडेचार शनिवार-रविवार धरले तर महिन्याला २६० ग्रॅमच्या आसपास. एकूण झाले ८६० ग्रॅम आणि घरात येते एक किलो. दर महिन्याला १४० ग्रॅम उरली, आठ महिन्यांत अकराशे-बाराशे ग्रॅम. तुमच्या कपाटातली पाच पाकिटं ती हीच. तुमचं काही चुकलं नाही, खोका आपल्या वेळापत्रकाने आला आणि कॉफी तुमच्या वेळापत्रकाने संपली. सबस्क्रिप्शनचा भाव बघताना लोक पाकिटाची किंमत बघतात. न प्यायलेल्या कॉफीचे पैसेही त्याच खात्यातून जातात हे लक्षात येत नाही.

आता सासूबाईंचं पाकीट. ते उलटं करा आणि मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. कॉफीत चिकोरी मिसळली असेल तर किती टक्के कॉफी आणि किती टक्के चिकोरी हे पाकिटावर छापावंच लागतं, आणि कॉफी निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के असावी लागते. या भावातल्या अनेक पाकिटांवर ५३ आणि ४७ असे आकडे सापडतात. तुमच्या पाकिटावर वेगळे असतील तर पुढच्या गणितात ते घाला, मी हेच धरते.

५०० ग्रॅममध्ये ५३ टक्के म्हणजे २६५ ग्रॅम कॉफी आणि २३५ ग्रॅम चिकोरी. चिकोरीचा माटुंग्यातला भाव तुम्हीच काढून आणलात, २५० रुपये किलो. त्या हिशेबाने २३५ ग्रॅमचे झाले ५९ रुपये. ३४० मधून ५९ गेले, राहिले २८१, आणि ते लागले २६५ ग्रॅम कॉफीला. किलोचा भाव काढला तर १,०६० रुपये. माटुंग्यात हीच गोष्ट १,००० रुपयांना मिळते, तुमच्यासमोर दळून. स्वस्त म्हणून जे पाकीट घरात येतं त्यातली कॉफी स्वस्त नाही, चिकोरी जास्त आहे एवढंच.

हा हिशेब सासूबाईंना ऐकवायचा असेल तर पुढची गोष्टही सांगा, नाहीतर तो अर्धवट होईल. चिकोरी ही काही भेसळ नव्हे. ती एका झाडाची मुळं, वाळवून भाजून दळलेली. आपल्याकडे गुजरातेत तिचं भरपूर पीक होतं. कॉफीच्या पुडीतला जेमतेम पाव भाग, फार तर तीस टक्के, पाण्यात उतरतो. चिकोरीचा त्याच्या दुपटीहून जास्त उतरतो. म्हणून चिकोरी असलेलं डिकॉक्शन काळंभोर, दाट आणि थोडं गोडसर होतं, आणि पूड थोडी कमी घातली तरी दुधात रंग चांगला चढतो. सासूबाई ज्याला 'चव' म्हणतात त्यात या दाटपणाचा मोठा वाटा आहे. तुमच्या सबस्क्रिप्शनच्या पाकिटात चिकोरी मुळीच नसणार. दुधात ती कॉफी त्यांना पांचट लागली असेल तर त्यांची जीभ बरोबरच सांगतेय. फक्त चिकोरीत कॅफिन नसतं, त्यामुळे ५३-४७ चा कप दिसायला कडक आणि अंगाला हलका. आमच्याकडे त्या पाकिटावर सकाळी दुसरा कप हमखास मागितला जायचा, आणि मग कुठली बचत?

खात्री करून घ्यायची असेल तर एक गंमत करा. काचेच्या ग्लासात साधं थंड पाणी घ्या आणि वरून चिमूटभर पूड अलगद भुरभुरा. कॉफीचे कण तेलकट असतात, ते वरच तरंगत राहतात. चिकोरी काही सेकंदांत खाली जायला लागते, आणि जाताना तिच्यामागे तपकिरी रंगाची शेपटी पाण्यात उतरत जाते. तीन ग्लास शेजारी ठेवून तीन पाकिटांची पूड टाका. आकडे छापलेलेच असतात, पण ४७ टक्के म्हणजे किती ते डोळ्यांनी बघितल्यावर कळतं. आमच्या ओट्यावर हा प्रयोग झाला तेव्हा शेवटी ग्लासात चहा दिसत होता.

आता माटुंगा. तुम्ही मुलुंड ते परळ धीम्या लोकलने जात असाल तर वाटेत ते स्टेशन लागतंच. पासावर मध्ये उतरायला वेगळं तिकीट लागत नाही. संध्याकाळी परतताना उतरा आणि पूर्वेला या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली, तेव्हापासून इथे दक्षिणेकडची कुटुंबं वस्तीला आली आणि त्यांच्यासोबत फिल्टर आला. कॉफी भाजून दळून देणारी दुकानं शोधायला पत्ता लागत नाही. फुलवाल्यांच्या मोगऱ्याच्या वासातून दळलेल्या कॉफीचा वास नाकात शिरला की वळायचं.

दुकानात तुम्हाला तीन प्रश्न विचारले जातील आणि मागे रांग असेल, म्हणून उत्तरं आधीच ठरवून जा. पहिला : 'प्लांटेशन की पीबेरी?' प्लांटेशन म्हणजे गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका जातीची कॉफी. प्लांटेशन ए ही तिची मोठ्या दाण्याची प्रत. पीबेरी म्हणजे ज्या फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरते, ती वेगळी निवडलेली. कमी निघते म्हणून महाग. दुधात आणि चिकोरीत मला दोन्हींतला फरक ओळखता येत नाही, आणि रोजच्या कपाला प्लांटेशन पुरेशी आहे असं मी म्हणेन. कडक आवडत असेल तर तिच्यात थोडी रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी जात, घालायला सांगा. ती स्वस्तही असते आणि तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट.

दुसरा प्रश्न : 'प्लेन की चिकोरी?' इथेच तुमच्या घरातलं भांडण मिटू शकतं. तुम्ही सांगाल ते प्रमाण ते समोर वजन करून मिसळतात. ८०-२० सांगितलंत तर ८०० अधिक ५०, म्हणजे साडेआठशे रुपये किलो. ७०-३० सांगितलंत तर ७०० अधिक ७५, म्हणजे ७७५. सासूबाई ४७ टक्क्यांवरून येणार, त्यांना एकदम २० वर आणलंत तर बंड होईल. पहिला महिना ७०-३० घ्या. मग न बोलता ७५-२५ करा. मी सासरी हेच केलं होतं आणि ते कोणालाही कळलं नाही. हे वाचल्यावर कळेल, पण आता पंधरा वर्षं झाली.

तिसरा : 'कशासाठी दळायची?' फिल्टरसाठी, असं स्पष्ट सांगा, आणि फिल्टर पितळी आहे की स्टीलचा, भोकं बारीक आहेत की मोठी, तेही आठवून जा. फार बारीक दळली तर डिकॉक्शन थेंबथेंब पडतं, सकाळी लोकल चुकते. जाड दळली तर पाणी पाच मिनिटांत खाली धावतं आणि डिकॉक्शन पातळ होतं. दोघींसाठी २० ग्रॅम पूड आणि उकळून क्षणभर थांबवलेलं १०० ते १२० मिलीलीटर पाणी घाला. पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक सगळं उतरायला हवं. पहिल्या पुडीला वेळ लावून बघा आणि पुढच्या खेपेला 'थोडी जाड' किंवा 'थोडी बारीक' एवढंच सांगा. चिकोरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे प्रमाण बदललं की उतरण्याचा वेळही थोडा बदलतो. तेव्हा दळण बिघडलं म्हणून दुकानदारावर चिडू नका.

एक प्रश्न मात्र तुम्ही विचारायचा : 'भाजलेली कधीची?' स्थानिक दुकान म्हणजे ताजी कॉफी हे गृहीत धरू नका. दळण ताजं असतं, भाजणं ताजं असेलच असं नाही. ज्यांच्याकडे खप मोठा आहे तिथे बिया चार-पाच दिवसांहून जास्त पडून राहत नाहीत, आणि उत्तर झटकन मिळतं. उत्तर द्यायला वेळ लागला तर बरणीतल्या बियांकडे बघा. मध्यम भाजलेली बी कोरडी, मंद तपकिरी दिसते. तिच्यावर तेलाचा चिकट थर आला असेल आणि वास शेंगदाण्याच्या जुन्या तेलासारखा येत असेल, तर दुसऱ्या दुकानात जा. गडद भाजलेल्या बीवर तेलाची चमक लवकर येते, तिथे चमकेवरून निकाल देऊ नका, नाकाने ठरवा.

ताजेपणाबद्दल एवढं समजून घेतलं की बाकीचं आपोआप ठरतं. भाजताना बीच्या आत कार्बन डायऑक्साइड वायू साठतो आणि नंतर काही आठवडे तो हळूहळू बाहेर पडत राहतो. तो बाहेर येत असतो तोवर आतला सुगंधही बऱ्यापैकी टिकतो. अख्खी बी बंद पाकिटात महिना-सव्वा महिना छान राहते. दळली की तिचे हजार तुकडे होतात, वायू आणि वास दोन्ही भराभर उडतात, हवेतला ऑक्सिजन आणि दमटपणा आत शिरतो. दळलेल्या पुडीचं आयुष्य मी आठवडा, फार तर दहा दिवस धरते. जुलैच्या मुंबईत आठवडाच. डबा उघडा राहिला तर पूड चमच्याला चिकटते, ते तर तुम्ही पाहिलंच असेल.

हे घरी तपासता येतं. कपात दोन चमचे पूड घ्या आणि भिजेल एवढंच गरम पाणी ओता. ताजी कॉफी फुगते, वर फेसाची टोपी येते आणि तिच्यात बारीक बुडबुडे फुटतात. शिळी नुसती भिजते, ओल्या मातीसारखी. सुपरमार्केटच्या दळलेल्या पाकिटात हा फुगवटा सहसा दिसत नाही, कारण पूड बंद करण्याआधी तिच्यातला वायू जाऊ द्यावा लागतो, नाहीतर बंद पाकीटच फुगेल. त्या पाकिटावर उत्पादनाची तारीख असते, 'अमुक महिन्यांत वापरा' असतं, भाजल्याची तारीख बहुधा नसते. बंद असेपर्यंत ते टिकतं हे खरं, पण कात्री लागली की त्यातल्या पुडीचीही तीच आठवड्याची घटका सुरू होते. अर्धा किलो पूड रोज २० ग्रॅमने संपायला २५ दिवस लागतात. शेवटचे पंधरा दिवस तुम्ही नुसता रंग पिताय.

म्हणून माटुंग्याहून किलोभर आणू नका, भाव कितीही गोड सांगितला तरी. आठवड्याला दीडशे ग्रॅम. रोजचे २० ग्रॅम गुणिले सात म्हणजे १४०, एका पाहुण्याची सोय धरून दीडशे. लहान वजनाला नाही म्हणत नाहीत, शेजारी कोणी आजोबा शंभर ग्रॅम दळून घेत असतात. पुडी हातात येते तेव्हा दळणाच्या घर्षणाने कोमट असते, ती तशीच प्लॅस्टिकच्या डब्यात दाबून बंद करू नका. घरी येईपर्यंत निवते, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या लहान डब्यात भरा. डबा लहानच हवा, म्हणजे आत हवा कमी राहते. गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका, आणि ओला चमचा घालणाऱ्याला घराबाहेर काढा.

फ्रिजमध्येही ठेवू नका. गणपतीला पाहुणे येणार म्हणून एका वर्षी मी आगाऊ किलोभर दळून आणली आणि डबा फ्रिजमध्ये ढकलला. खालच्या कप्प्यात, तीन पिशव्यांत गुंडाळलेले सुके बोंबील होते. गौरी जेवायच्या दिवशी नणंदेने पहिला घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, 'वहिनी, आज सोवळ्यात कॉफी कुठली आणलीत?' कॉफी वास जितका देते तितकाच ओढूनही घेते. शिवाय गार डबा दमट हवेत उघडला की आत दव धरतं. फ्रीझर चालतो, पण अट कडक आहे : लहान पिशव्यांत हवा काढून बंद करायची, एका वेळी एकच पिशवी काढायची, ती बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही आणि परत आत ठेवायची नाही. रोज लोकल पकडणाऱ्या बाईने हे उपद्व्याप करावेत असं मला वाटत नाही.

आता तुमच्या यजमानांची काळी कॉफी. तळाचा गाळ हा कॉफीचा दोष नाही, दळणाचा आहे. फिल्टरची पूड बारीक असते, फ्रेंच प्रेसची जाळी तिच्यासाठी बनलेलीच नाही. कण जाळीतून सुटतात, कपात येतात, आणि चार मिनिटं पाण्यात बसल्यावर बारीक कण कडूही होतात. फ्रेंच प्रेसला जाडा रवा हाताला लागतो तशी पूड लागते. दोन्ही पाकिटं एकाच दळणाची मागवलीत तेव्हा त्यांचा कप पहिल्याच दिवशी बिघडला होता, आणि आठ महिने ते तसाच पीत राहिले, म्हणजे माणूस सहनशील आहे.

सबस्क्रिप्शन मी बंद करा म्हणणार नाही, ते यांच्यासाठीच ठेवा. चिकमगळूरचा एखादा मळा, कोडगूचा दुसरा, आंध्रातल्या अराकूची कॉफी, कुठली धुऊन वाळवलेली, कुठली अख्ख्या फळासकट उन्हात वाळवलेली... ही विविधता माटुंग्याच्या बरणीत मिळत नाही आणि सुपरमार्केटच्या फळीवर मिळाली तर महिनोन्महिने तिथेच उभी असते. पण ही विविधता काळ्या कॉफीतच जिभेला सापडते. पाकिटावर 'संत्र्याची साल, गूळ, बेदाणे' लिहिलंय म्हणून तुम्ही त्यात दूध-साखर घातलीत की संत्रंही गेलं आणि बेदाणेही. गूळ राहिला असं वाटतं, ती साखर असते. किलोला २,२०० रुपयांची कॉफी तुम्ही दोघी दुधातून पीत होतात, कपाला २२ रुपये नुसत्या पुडीचे. माटुंग्याच्या ८०-२० चा कप साडेआठ रुपयांत होतो. सुपरमार्केटचा ६ रुपये ८० पैशांत, पण त्यात कॉफी ५.३ ग्रॅम, आणि साडेआठ रुपयांच्या कपात ८ ग्रॅम.

यजमानांसाठी महिन्याला २५० ग्रॅमचं एकच पाकीट, आणि दळलेलं नको, अख्ख्या बिया. त्यांची गरज २६० ग्रॅमची, म्हणजे जवळपास नेमकी. सोबत हाताने फिरवायची चक्की घ्या, दीड-दोन हजारांत कामापुरती चांगली मिळते. शनिवारी सकाळी ३० ग्रॅम दळायला दोन-तीन मिनिटं जातात आणि ते काम त्यांचं. पाकिटावर 'अमुक तारखेला भाजली' असं छापलेलं असेल अशाच ठिकाणाहून घ्या. बिया भाजून दोन-तीन दिवसांत दारात आल्या तर लगेच उघडू नका. वायू जोरात सुटत असतो तेव्हा पाणी नीट आत शिरत नाही आणि चव तिखट-पोकळ लागते. भाजल्याला आठवडा झाला की उघडा, मग चार शनिवार-रविवार ती उतरत्या सुगंधाने पण छान जाते. शेवटच्या आठवड्यात थोडी मंदावेल, ते एक पाकीट चार आठवडे पुरवण्याचं भाडं आहे.

खोक्याच्या बाबतीत एक खबरदारी. मी एकदा चार दिवस पुण्याला गेले आणि तेव्हाच माझं पाकीट आलं. वॉचमनने प्रामाणिकपणे सांभाळलं, केबिनच्या पत्र्याखाली, मे महिन्यात. घरी आल्यावर उघडलं तर बियांना तेल सुटलेलं. सोसायटीत सांगून ठेवा किंवा ऑफिसचा पत्ता द्या. आणि गावाला जाणार असाल तर खेप पुढे ढकला, तशी सोय खात्यात बहुतेक ठिकाणी असते. पैसे आपोआप कापले जात असतील तर कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचनेचा मेसेज यायला हवा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज आला की कपाट उघडून बघायची सवय लावा. आत न फोडलेलं पाकीट दिसलं तर खेप थांबवायची.

पैशांचं असं होतं. आता तुमचे महिन्याला २,२०० जातात. पुढे दुधाच्या ६०० ग्रॅमला साडेआठशेच्या भावाने ५१० रुपये, काळीच्या एका पाकिटाला ५५०, मिळून १,०६०. राहिले १,१४०, म्हणजे चक्कीचे पैसे दोन महिन्यांत सुटले. सगळंच सुपरमार्केटचं घेतलं तर दुधाची कॉफी ४०८ रुपयांत भागेल, माटुंग्याहून १०२ रुपये कमी. त्या १०२ रुपयांसाठी मी तरी माटुंगा सोडणार नाही. पण तुम्हाला आठवड्यातून एकदा उतरणं जमत नसेल, घरी लहान मूल असेल, पावसात गाड्या रखडत असतील, तर गोष्ट वेगळी. अशा वेळी सुपरमार्केटचंच पाकीट घ्या, फक्त अर्ध्या किलोऐवजी दोनशे ग्रॅमचं किंवा त्याहून लहान, आणि चिकोरीचा आकडा ३० च्या आत असलेलं. लहान पाकीट ग्रॅममागे थोडं महाग पडतं, तरी संपेपर्यंत कॉफी राहतं. एक बंद पाकीट घरात असलेलं बरंच, माटुंग्याचा डबा रिकामा निघतो तो नेमका सोमवारी सकाळी.

भाव मात्र सहा महिन्यांनी परत विचारा. अरेबिकाचे जागतिक बाजारातले भाव गेल्या काही वर्षांत खूप वरखाली झालेत, माटुंग्याच्या फळ्यावरचा आकडा त्यांच्यामागे धावतो. मोठ्या कंपन्या कधी किंमत तीच ठेवून वजन कमी करतात, कधी चिकोरी वाढवतात. म्हणून पाकिटाची किंमत लक्षात ठेवू नका, आतल्या कॉफीचा किलोमागे भाव काढा. वर केलेली वजाबाकी मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होते.

राहिली ती पाच पाकिटं. तारखा बघून ओळीने लावा. दोन महिन्यांच्या आतलं असेल ते फोडा, नाकाशी धरा. वास आला तर सासूबाईंच्या नव्या पुडीत अर्धं-अर्धं मिसळून संपवा, चिकोरी तिला सांभाळून घेईल. तीन-चार महिने झालेल्यांची थंड कॉफी करा : ८० ग्रॅम पूड ६४० मिलीलीटर गार पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये, झाकण लावून, सकाळी स्वच्छ मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळून. बारीक पूड आहे, गाळायला वेळ लागेल. कडूपणा कमी उतरतो आणि बर्फ-दूध घातलं की शिळेपणा बराच झाकला जातो. सगळ्यात जुनं जे असेल, ज्याला काहीच वास उरलेला नाही, ते वाटीत ओतून चपलांच्या कपाटात ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये ओले बूट वाळतात तिथे त्याचा उपयोग होतो.